खाड्याचा हिशेब

रमजानचा शेवटचा अशरा जवळ आला की परभणी-पूर्णा मार्गावरच्या पिंगळी स्टेशनवर पाठीला बॅग लावलेली मुले-मुली उतरू लागतात. कोणी नांदेडला शिकते, कोणी छत्रपती संभाजीनगरला, कोणी पुण्याला. ईद होते, शिरखुर्मा होतो, मुले परत जातात. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी घरी फोन येतो: "अब्बा, मेसचं बिल आलंय, पूर्ण महिन्याचं लावलंय." वडील विचारतात, "तू तर दहा दिवस इथंच होतास ना?" पोरगा म्हणतो, "इथं असंच असतं." आणि पैसे पाठवले जातात.

"इथं असंच असतं" हे वाक्य आम्हाला खटकते. मेसचे बिल हा काही नशिबाचा लेख नाही. तो साधा भागाकार आहे. तो कसा मांडला जातो हे विद्यार्थ्याला आणि त्याच्या घरच्यांना कळले, तर निम्मी भांडणे होणारच नाहीत आणि उरलेली जिंकता येतील.

एक उदाहरण धरू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. पिंगळीचा एक मुलगा वसतिगृहात राहतो. मेस विद्यार्थ्यांचीच आहे. म्हणजे मेस सेक्रेटरी मुलांमधलाच, वर देखरेख रेक्टरची, आणि महिन्याचा झालेला खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा. मुले शंभर. महिना मार्च 2025. त्या वर्षी पहिला रोजा 2 मार्चला होता, गुढीपाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला. आपला मुलगा शुक्रवारी 21 मार्चच्या संध्याकाळी निघाला आणि बुधवारी 2 एप्रिलच्या रात्री परतला. म्हणजे मार्चमधले 22 ते 31 असे पूर्ण दहा दिवस त्याच्या ताटात मेसचा एक घासही पडला नाही.

आता मेसचा खर्च पाहा. तो दोन प्रकारचा असतो आणि सगळा वाद या दोन प्रकारांची सरमिसळ केल्याने होतो. पहिला खर्च कोणी जेवो न जेवो, होतोच: आचारी आणि भांडी घासणाऱ्या मावशींचा पगार, वीज, भांड्यांची दुरुस्ती. तो आपल्या उदाहरणात महिन्याला 60,000 रुपये धरू. शंभर मुलांत प्रत्येकी 600. हे 600 रुपये गावी गेलेल्यानेही द्यायचे, कारण परत आल्यावर त्याला तोच आचारी जागेवर हवा आहे. दुसरा खर्च ताटावर अवलंबून असतो: धान्य, किराणा, भाजी, दूध, तेल आणि बराचसा गॅस. तो त्या महिन्यात 2,24,000 रुपये झाला असे समजू.

शंभर मुले आणि एकतीस दिवस म्हणजे 3,100 जेवणदिवस. ईद-पाडव्याच्या सुट्टीमुळे बरीच मुले गावी गेली होती. सगळ्यांचे मिळून 300 दिवसांचे खाडे झाले. म्हणजे प्रत्यक्षात 2,800 जेवणदिवस झाले. 2,24,000 भागिले 2,800 केले तर एका दिवसाचा दर निघतो 80 रुपये. आपला मुलगा 21 दिवस जेवला. त्याचे 1,680 आणि स्थिर खर्चाचे 600, मिळून 2,280 रुपये. जो महिनाभर मेसमध्ये जेवला त्याचे 2,480 अधिक 600, म्हणजे 3,080.

खाडे धरलेच नाहीत तर काय होते? मग भागाकार 2,800 ने न होता 3,100 ने होतो. दिवसाचा दर 72 रुपयांच्या आसपास येतो आणि प्रत्येकाचे बिल सारखेच, 2,840 रुपये निघते. गावी गेलेल्या मुलाने 560 रुपये जास्त भरले. महिनाभर जेवलेल्याने 240 रुपये कमी भरले. इथे कोणी पैसे खिशात घातले नाहीत. सेक्रेटरीही प्रामाणिक असू शकतो. तरीही एकाच्या घरचे पैसे दुसऱ्याच्या ताटात गेले, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. म्हणून अशा मेसमध्ये सेक्रेटरीवर चोरीचा आळ घेऊ नये. "आपण किती जेवणदिवसांनी भागाकार केला?" एवढाच प्रश्न विचारावा. उत्तरात मुलांची संख्या गुणिले महिन्याचे दिवस एवढाच आकडा आला, तर खाडे धरलेले नाहीत हे तिथेच उघड होते.

ठेकेदाराची मेस असेल तर चित्र बदलते. तिथे महिन्याचा दर आधीच ठरलेला असतो. खाडे धरले नाहीत तर वाचलेले धान्य ठेकेदाराच्या कोठीत राहते आणि बिल मात्र पूर्ण वसूल होते. आपल्याच उदाहरणात शंभर मुलांकडून 3,080 प्रमाणे ठरलेला दर घेतला आणि 300 दिवसांचे खाडे कोणालाच दिले नाहीत, तर 24,000 रुपये न शिजवलेल्या अन्नाचे जमा होतात. ठेकेदार सांगतो, "माझा आचारी तर बसूनच होता." ते खरे आहे, पण आचाऱ्याचा पगार दिवसाच्या दराचा एक भाग असतो, सगळा दर नव्हे. वरच्या हिशेबात दिवसाला जवळपास 99 रुपये पडतात आणि त्यातले 80 ताटाचे आहेत. प्रत्येक मेसचे प्रमाण वेगळे असेल. पण शंभरच्या दरावर वीस-पंचवीस रुपयेच परत देणारा ठेकेदार असेल, तर त्याच्याकडून खर्चाची फोड मागायला हरकत नाही. ही फोड ठेका देतानाच करारात असायला हवी. नंतर ती मिळवणे कठीण जाते.

तिसरा प्रकार शहरातल्या खासगी खाणावळीचा. तिथे अनेक ठिकाणी साठ ताटांचे कार्ड असते. न जेवलेले ताट पुढे सरकते, म्हणून भांडण कमी होते. तिथे फक्त कार्डाची मुदत पाहावी. तीस दिवसांत साठ ताटे संपवायची अट असेल, तर दहा दिवसांच्या सुट्टीत वीस ताटे बुडाली. सुट्टी येणार हे ठाऊक असेल तर त्या महिन्यात कार्ड सुट्टीनंतर काढावे, किंवा मालकाकडून मुदतवाढ कार्डावरच लिहून घ्यावी.

आता मेसची बाजूही मांडली पाहिजे. आचारी सकाळी पोळ्यांचे पीठ मळतो ते हजेरीच्या अंदाजाने. मुलगा न सांगता निघून गेला तर त्याच्या वाट्याची भाजी आणि पोळ्या झालेल्याच असतात. त्या दिवसाचा खर्च खरा आहे आणि तो त्याच्याच नावावर पडला पाहिजे. म्हणूनच बहुतेक मेसमध्ये दोन अटी असतात: एक-दोन दिवस आधी सूचना आणि किमान तीन-चार दिवसांची सलग अनुपस्थिती. या अटी आम्हाला चुकीच्या वाटत नाहीत. रोज संध्याकाळी मित्राकडे जेवून येणाऱ्याचा खाडा धरत बसले तर सेक्रेटरीला अभ्यासच सोडावा लागेल.

खरी फसगत होते ती दुसरीकडे. वसतिगृह सोडताना मुलगा रेक्टरकडे रजेचा अर्ज देतो. गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करतो. मुलींच्या वसतिगृहात तर घरच्यांचा फोन, पालकांची संमती, सगळे झाल्याशिवाय गेट उघडत नाही. एवढे कागद झाल्यावर मेसला आपोआप कळले असेल असे त्यांना वाटते. कळत नाही. रजेचा अर्ज रेक्टरच्या फायलीत जातो, गेटचे रजिस्टर वॉचमनकडे राहते, आणि मेसचे हजेरी रजिस्टर स्वयंपाकघराच्या खिडकीत लटकलेले असते. तिन्ही रजिस्टरांची गाठभेट कधीच होत नाही. बिल मात्र फक्त तिसऱ्यावरून निघते. रजेचा अर्ज आणि मेस बंद ठेवण्याचा अर्ज हे दोन वेगळे अर्ज आहेत, ही एक गोष्ट पिंगळीच्या प्रत्येक घराने मुलाच्या बॅगेत बांधून द्यावी.

मेस बंदचा अर्ज चार ओळींचा असतो. तो असा लिहिता येईल: "मी खोली क्रमांक अमुकमधील विद्यार्थी. रमजान ईदनिमित्त दिनांक 22 मार्च ते 2 एप्रिल 2025 असे सलग 12 दिवस गावी असणार आहे. दिनांक 21 मार्चच्या रात्रीच्या जेवणापासून 2 एप्रिलच्या रात्रीच्या जेवणापर्यंत माझे जेवण बंद ठेवावे. या दिवसांचा खाडा धरून मार्च आणि एप्रिलच्या बिलांत रक्कम कमी करावी." खाली सही आणि अर्ज दिल्याची तारीख. दोन प्रती काढायच्या. एक सेक्रेटरी किंवा मेस व्यवस्थापकाला द्यायची, दुसरीवर "मिळाला" म्हणून सही आणि तारीख घ्यायची. सही देण्यास टाळाटाळ झाली तर अर्जाचा फोटो मेसच्या ग्रुपवर किंवा रेक्टरच्या मोबाइलवर पाठवावा. पाठवल्याची वेळ तिथे आपोआप नोंदली जाते. रेल्वे किंवा एसटीच्या तिकिटाचा फोटोही काढून ठेवावा. आणि जाण्याआधी मेसच्या हजेरी रजिस्टरमध्ये आपल्या नावासमोर त्या तारखांना रेघ मारली आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. हे शेवटचे काम दोन मिनिटांचे आहे आणि बहुतेक जण तेच विसरतात.

या अर्जात "सलग 12 दिवस" हे शब्द मुद्दाम घातले आहेत. बिल महिन्याचे असते, सुट्टीला महिना कळत नाही. आपल्या मुलाचे मार्चमधले दहा दिवस कमी झाले, पण 1 आणि 2 एप्रिलचे दोन दिवस एप्रिलच्या बिलात आले. तिथे सेक्रेटरी म्हणतो, "तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाही." नियम खरा, पण तो लावला चुकीचा. अनुपस्थिती एकच आहे, बारा दिवसांची. ती कॅलेंडरच्या पानाने तोडली म्हणून तिचे दोन तुकडे होत नाहीत. एकाच अर्जात दोन्ही महिन्यांच्या तारखा असतील तर हा मुद्दा पटवणे सोपे जाते. दोन वेगळे अर्ज दिले तर आपणच आपले नुकसान करून घेतो.

रोज्याचा प्रश्न याच्याशी लागून आहे, पण तो वेगळा आहे हे ध्यानात घ्यावे. 2 ते 21 मार्च हे वीस दिवस मुलगा वसतिगृहातच होता, रोजे ठेवत होता, दुपारी जेवत नव्हता. मेसने त्याला सहरीला डबा आणि रात्रीचे जेवण दिले असेल तर पूर्ण दर देणे रास्त आहे. फक्त रात्रीचेच जेवण दिले असेल तर त्याने अर्ध्या दिवसाचा दर मागावा. 80 रुपयांच्या हिशेबात वीस दिवसांचे हे 800 रुपये होतात, म्हणजे दहा दिवस गावी गेल्याच्या खाड्याएवढेच. पण एकट्याच्या अर्जाने हे होत नाही, कारण एका ताटासाठी आचारी दुपारचा स्वयंपाक कमी करीत नाही. रोजे ठेवणाऱ्या सगळ्यांनी चांद दिसण्याच्या आठवडाभर आधी एकत्र यादी दिली, तर तेवढी डाळ-तांदूळ कमी शिजते आणि बचत खरी होते. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास धरणाऱ्या मित्रांनाही हीच सोय मिळावी. मागणी "उपवास करणाऱ्या सर्वांसाठी" अशी केली तर मेस कमिटीत ती पास होण्याची शक्यता जास्त, आणि न्यायाचेही तेच आहे.

बिल चुकीचे आलेच तर? आधी पूर्ण बिल भरून मग भांडू नये आणि बिल अडवूनही बसू नये. मान्य असलेली रक्कम मुदतीत भरावी आणि वादाची रक्कम लेखी कळवावी. आपल्या उदाहरणात 2,280 भरावेत आणि उरलेल्या रकमेबद्दल अर्ज द्यावा. पूर्णच भरावे लागले तर "हरकत नोंदवून भरले" असे लिहून द्यावे आणि पुढच्या बिलात वळते करण्याची मागणी करावी. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पुढचे बिलच नसते. त्याची सगळी रक्कम अनामतीतून कापली जाते आणि "नो ड्यूज"ची सही झाली की हिशेब मिटतो. म्हणून त्याने ती सही घेण्याआधी खाड्यांचा निकाल लावून घ्यावा. अनामत हा शब्द आपल्या अमानतचाच आहे. वसतिगृहाच्या कार्यालयांना त्याचा अर्थ आठवत असेल अशी आशा करू.

रेक्टरने ऐकले नाही तर पुढची पायरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणे ही या नियमांत तक्रार मानली आहे. म्हणून प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपुस्तिकेतले मेसचे पान जपून ठेवावे. शासकीय किंवा अनुदानित संस्था असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर त्या महिन्याचे मेसचे जमाखर्च आणि एकूण जेवणदिवसांचा आकडा मागता येतो. खासगी वसतिगृह वा खाणावळीला हे दोन्ही मार्ग लागू नाहीत. तिथे ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, पण आठशे रुपयांसाठी तारखांना जाण्याचा प्रवासखर्चच जास्त होईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवणे अशा रकमेसाठी जास्त व्यवहार्य आहे.

न वापरलेल्या सोयीचे पैसे या प्रश्नावर देशात मोठी चर्चा झाली ती करोनाच्या काळात. मार्च 2020 मध्ये वसतिगृहे रिकामी झाली आणि मुले महिनोन्‌महिने घरी राहिली. 3 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात शाळांना वार्षिक शुल्कात 15 टक्के कपात करायला सांगितले. ज्या सोयी मुलांनी वापरल्या नाहीत आणि ज्यांचा खर्च शाळेचा वाचला, त्यांचे पैसे घेणे म्हणजे नफेखोरी, असा त्या निकालाचा आशय होता. तो निकाल शाळांपुरता आणि त्या परिस्थितीपुरता आहे. त्याची प्रत दाखवून मेसचे बिल कमी होईल असे कोणी समजू नये. पण त्यातला तर्क आपल्या भागाकाराचाच आहे: जो खर्च झाला तो सगळ्यांनी वाटून द्यावा, जो वाचला तो ज्याच्यामुळे वाचला त्याला परत जावा.

शेवटी थोडे घरचे. आपल्या समाजाने चालवलेल्या वसतिगृहांतही हा घोळ आहे. काही ठिकाणी रमजानच्या सुट्टीत मेस पूर्ण बंद असते आणि फी मात्र बारा महिन्यांची घेतली जाते. "कौमची संस्था आहे, कशाला हिशेब मागता" असे सांगितले जाते. संस्था जकात आणि देणग्यांवर चालते, तूट भरून काढावी लागते, हे आम्ही जाणतो. तूट असेल तर ती तूट म्हणून सांगावी आणि त्यासाठी वेगळी रक्कम मागावी. न शिजवलेल्या जेवणाच्या नावाने ती घेऊ नये. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक पूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. ती संस्थाचालकांना आम्ही वेगळी सांगायला नको.

अशा संस्थांकडे आमच्या दोनच मागण्या आहेत. खाड्याचा नियम प्रवेशअर्जाच्या मागच्या बाजूला मराठीत आणि उर्दूत छापावा: किती दिवस आधी सांगायचे, किमान किती दिवस, दिवसाला किती रुपये कमी होणार. आणि दर महिन्याच्या बिलासोबत एक कागद मेसच्या दारावर लावावा, ज्यावर एकूण खर्च, एकूण जेवणदिवस आणि निघालेला दर एवढे तीन आकडे असतील. पिंगळीत बसलेला बाप त्या कागदाचा फोटो मोबाइलवर पाहून आपल्या मुलाचे बिल स्वतः काढू शकेल.

आपल्या उदाहरणातल्या मुलाचे एप्रिलचे दोन दिवस अजून बाकी आहेत. दर 80 च राहिला तर ते 160 रुपये होतात. मेस कमिटीच्या पुढच्या बैठकीत त्याने तो अर्ज, त्यावरची "मिळाला"ची सही आणि दोन्ही महिन्यांची बिले एकत्र टाचून ठेवावीत.